'सगळं गोपनीय राहील' असं लिहू नका

समुपदेशन केंद्रांच्या पाट्या आता कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांपासून इचलकरंजी-गडहिंग्लजपर्यंत दिसतात. आत गेलं की एक फॉर्म हातात येतो, आणि मी पाहिलेल्या बहुतेक फॉर्मवर एक ओळ असतेच: 'आपण दिलेली माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवली जाईल.' खाली सही. सही झाली की संमती मिळाली असं धरून काम सुरू होतं. माझं म्हणणं असं आहे की ही ओळ खरी नाही, लिहिणाऱ्यालाही ती पाळता येणार नाही, आणि तिच्या भरवशावर घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे.

मी स्वतः याच शहरात समुपदेशनाचं काम करते, म्हणून हे जरा कडक शब्दांत लिहिते आहे. गोपनीयतेच्या नावाने आपल्याकडे दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी चालतात. जिथे माहिती जायला नको तिथे ती सहज जाते: फी भरणारे वडील बाहेर बसलेले असतात, ते जाताना 'काय म्हणाली पोरगी?' असं विचारतात आणि समुपदेशक दोन वाक्यं सांगून मोकळे होतात. कॉलेजात प्राचार्य बोलावून घेतात आणि त्या मुलाचं 'प्रकरण काय आहे' ते ऐकून घेतात. आणि जिथे बोलायलाच हवं, कुणाच्या तरी जिवावर बेतलं आहे, तिथे तोच समुपदेशक 'मी गोपनीयतेचा शब्द दिलाय' म्हणून गप्प बसतो. दोन्हींचं मूळ एकच आहे. मर्यादा कुठे आहे हे पहिल्या दिवशी कुणी कुणाला सांगितलेलंच नसतं, त्यामुळे ती प्रसंग बघून, समोरच्याचा दबाव बघून ठरते.

कायदा या बाबतीत फॉर्मपेक्षा बराच स्पष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा संमतीची व्याख्या करताना सांगतो की ती जबरदस्ती, दबाव, फसवणूक किंवा चुकीची माहिती यांशिवाय मिळालेली हवी, आणि धोके, फायदे, पर्याय हे सगळं त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि अशा पद्धतीने सांगितल्यानंतर मिळालेली हवी. त्याच कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि लगेच अपवादही देतं. दुसऱ्या कुणाला इजा किंवा हिंसेपासून वाचवायचं असेल, कुणाच्या जिवाला असलेला धोका टाळायचा असेल, उपचारातल्या इतर तज्ज्ञांना माहिती लागत असेल, न्यायालयाचा किंवा अधिकार असलेल्या यंत्रणेचा आदेश असेल, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल, तर माहिती देता येते. आणि इतरांना वाचवण्याच्या अपवादाला जोडूनच एक फार महत्त्वाची अट आहे: ओळखलेल्या धोक्यापासून संरक्षणासाठी जेवढी लागेल तेवढीच माहिती. या यादीत प्राचार्य नाहीत. फी भरणारा माणूस नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीचे वडील हे केवळ वडील म्हणून नाहीत. ते या कायद्याखालचे तिचे नामनिर्देशित प्रतिनिधी असतील तरीही त्यांना मिळते ती त्या कर्तव्यापुरती माहिती.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. हा कायदा मानसिक आजार असलेल्या व्यक्तीबद्दल आणि आरोग्य व्यावसायिकांबद्दल बोलतो. आपल्याकडे येणारी बहुतेक माणसं आजारी नसतात. परीक्षेची धास्ती, मोडलेलं लग्न, सासूशी न पटणं, नोकरी गेल्यावरची उदासी, असं काहीतरी घेऊन ती येतात. आणि समोर बसलेले समुपदेशकही अनेकदा कायद्याच्या व्याख्येतले मानसिक आरोग्य व्यावसायिक नसतात. ते मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एम.ए., एम.एस.डब्ल्यू. झालेले असतात. वकिलाशी झालेल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जसं संरक्षण आहे तसं समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला नाही. समन्स आलं तर समुपदेशकाला कोर्टात उभं राहावं लागतं. म्हणजे सर्वसामान्य माणसाच्या बाबतीत गोपनीयतेचा खरा आधार उरतो तो समुपदेशकाने पहिल्या भेटीत दिलेला शब्द. तो शब्दच अर्धवट असेल तर हातात काही राहत नाही.

म्हणून पहिल्या भेटीतली पहिली दहा मिनिटं. फॉर्म नंतर; आधी तोंडी, मराठीत, नेहमीच्या बोलण्यात. मी साधारण असं सांगते:

"तू इथे जे बोलशील ते मी तुझ्या घरी, कॉलेजात, मैत्रिणीला सांगणार नाही. कुणी फोन केला तर तू इथे येतेस हेसुद्धा मी सांगणार नाही. रंकाळ्यावर समोरासमोर आलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तू हसलीस तर हसेन. मी थोडक्यात टिपणं लिहिते, ती कपाटात कुलपात असतात. अवघड वाटलं तर मी माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा सल्ला घेते, पण तुझं नाव-गाव न सांगता. आता काही गोष्टी अशा आहेत की तिथे मला गप्प बसता येणार नाही. तुझ्या जिवाला लगेचचा धोका आहे असं मला वाटलं तर. तू दुसऱ्या कुणाला गंभीर इजा करशील असं वाटलं तर. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होणार असल्याचं मला कळलं तर. आणि कोर्टाने आदेश दिला तर. अशा वेळीही शक्य असेल तिथे मी आधी तुला सांगेन, मग दुसऱ्याला. आता मला तुझ्या शब्दांत सांग, मी काय म्हणाले?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो. मुलं म्हणतात, 'म्हणजे तुम्ही कुणालाच नाही सांगणार.' त्यांनी पहिलं वाक्य ऐकलेलं असतं आणि नंतरची सुटलेली असतात. मग पुन्हा सांगावं लागतं. नुसत्या सहीच्या फॉर्मवर ही फट कधीच दिसत नाही.

याला एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. मर्यादा आधीच सांगितल्या तर माणूस बोलेलच कशाला? ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत तो तेवढं सोडून बाकी सगळं सांगेल. हे काही वेळा खरोखर घडतं. पण त्याचं एक कारण आपण मर्यादा ढोबळपणे सांगतो हेही आहे. 'जिवाला धोका असेल तर घरी सांगेन' एवढंच म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, 'मरावंसं वाटतं' असा शब्द तोंडातून गेला की घरी फोन गेला. म्हणून पुढचं वाक्यही बोलावं लागतं: मरावंसं वाटणं इथे बोलता येतं, आणि ते बोललास म्हणून मी कुणाला फोन करणार नाही. काय करायचं हे ठरलेलं असेल, साधन जवळ असेल, आणि आज इथून गेल्यावर तू सुरक्षित राहशील याची आपल्याला दोघांनाही खात्री वाटत नसेल, तेव्हाच मी दुसऱ्या माणसाला आत घेईन. शेतावर तणनाशक असलेल्या घरातल्या मुलाला 'ते आज शेजारच्या काकांकडे ठेवायचं का?' असं विचारता येतं, ते याच मोकळेपणामुळे. आत्महत्येच्या प्रयत्नावर पोलीस केस होते ही भीतीही खेड्यापाड्यांत अजून आहे. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ घेतलेलंच नाही. हेही त्या दहा मिनिटांत सांगावं असं मला वाटतं.

आता दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न. यात आपली तयारी सगळ्यात कमी आहे, म्हणून एक प्रसंग सविस्तर घेते. तो मी रचलेला आहे. खऱ्या माणसाची गोष्ट इथे लिहिणं या लेखाच्याच विरुद्ध जाईल.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करणारा तेवीस वर्षांचा मुलगा. झोप लागत नाही, कामावर भांडणं होतात, म्हणून मामाने समुपदेशनाला पाठवलेला. ओळखीच्या एका मुलीने त्याला नकार दिला आहे. ती वीस वर्षांची, शहरात बी.कॉम. करणारी, रोज केएमटी बसने येणारी. पहिल्या दोन भेटींत तो रडतो, चिडतो, 'तिचं वाटोळं होईल' म्हणतो. हे ऐकून घाबरायचं कारण नसतं. शिव्याशाप हे दुःखाचं बोलणं असतं, आणि ते बाहेर पडायला जागा मिळावी म्हणूनच तर माणूस आलेला असतो. तिसऱ्या भेटीत, बुधवारी संध्याकाळी, तो खाली बघत म्हणतो, "मॅडम, तिला मी सोडत नसतोय."

या वाक्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी होतो. इथे समुपदेशकाने थांबवायला हवं, आणि आधी मर्यादेची आठवण करून द्यायला हवी: "पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं ते आठवतंय ना? तू दुसऱ्याला इजा करशील असं वाटलं तर मला गप्प बसता येणार नाही. आता तू त्याच्या जवळ आला आहेस. तरी मला विचारायचंय, आणि तू सांगावंस असं मला वाटतं." ही आठवण देणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं नव्हे. पुढे तो जे सांगेल ते जाणून-बुजून सांगेल, आणि संमती म्हणतात ती हीच. ती एकदा घेऊन फाईलला लावायची गोष्ट नाही, बोलणं जिथे जातं तिथे तिला बरोबर न्यावं लागतं.

मग थेट प्रश्न. आडून विचारलं की आडून उत्तर मिळतं. सोडत नाही म्हणजे काय करणार? कधी? कुठे? कशाने? ते तुझ्याजवळ आहे का? याआधी कुणावर हात उचललास का, तिच्यावर? दारू किती घेतोस, आणि घेतल्यावर काय होतं? हे केल्यानंतर तुझं काय होईल असं तुला वाटतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरंच काही सांगतं. 'आईचं कसं होईल' असं जो म्हणतो त्याला अजून मागे खेचणारं काहीतरी आहे. 'माझं काय व्हायचं ते होऊ दे' म्हणणाऱ्याची काळजी जास्त. आपला मुलगा सांगतो की दोन आठवडे तो तिच्या बसथांब्यावर थांबतोय, तिची वेळ पाठ आहे, गाडीच्या डिकीत कोयता आहे, आणि शुक्रवारी तिचा पेपर संपतो. गेल्या वर्षी एका भांडणात त्याने एकाचं डोकं फोडलं होतं. आता इथे माणूस ठरलेला आहे, जागा, वेळ आणि साधन ठरलेलं आहे, आणि हिंसेचा इतिहास आहे. 'वाटोळं होईल' पासून हे फार दूर आलं.

हिंसेचं भाकीत कुणालाच पक्कं करता येत नाही, मनोविकारतज्ज्ञालाही नाही. आणि मानसिक त्रास असलेली बहुतांश माणसं कुणाला इजा करत नाहीत. म्हणून एकट्याने ठरवायचं नाही. त्याला खोलीत बसवून, किंवा त्याच्यासमोरच, ज्येष्ठ सहकाऱ्याला फोन करायचा. मग त्याच्यापुढे पर्याय ठेवायचे, आणि सगळ्यात आधी ते पर्याय ज्यांत गोपनीयता मोडावीच लागत नाही. 'तुझ्या परवानगीने मी आत्ता मामांना बोलावते. ते येऊन डिकीतला कोयता ताब्यात घेतील. आज रात्रीच आपण सीपीआर रुग्णालयात किंवा तुला चालेल त्या मनोविकारतज्ज्ञाकडे जाऊ. शुक्रवारी तू मामांबरोबर गावी असशील.' तो हो म्हणाला, मामा आले, कोयता गेला, डॉक्टरांनी तपासलं, तर जे सांगितलं गेलं ते त्याच्याच संमतीने. काम करणाऱ्यांना माहीत आहे की माणूस पुष्कळदा हो म्हणतो. त्याने हे आपल्याला सांगितलं, ते कुणीतरी अडवावं असं त्याच्याही मनात कुठेतरी असतं म्हणून.

आणि तो उठून निघून गेला तर? या प्रश्नावर जगभरचे समुपदेशक ज्या खटल्याकडे बोट दाखवतात त्यातला मुख्य माणूस भारतीय होता. खरगपूरच्या आयआयटीतून शिकून कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला गेलेला प्रसेनजित पोद्दार. तातियाना तारासॉफ या मुलीने त्याला नाकारलं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये त्याने विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या मानसतज्ज्ञाला तिला मारण्याचा इरादा सांगितला. मानसतज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, तो भानावर आहे असं त्यांना वाटलं, तिच्यापासून लांब राहीन असं त्याने सांगितलं, आणि त्यांनी सोडलं. तो पुन्हा उपचाराला आला नाही. तातियाना त्या वेळी परदेशात होती. ती परत आली तेव्हा तिला किंवा तिच्या घरच्यांना कुणी काहीही सांगितलं नव्हतं. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याने तिचा खून केला.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आधी १९७४ मध्ये सांगितलं की मानसतज्ज्ञावर धोक्यात असलेल्या व्यक्तीला इशारा देण्याचं कर्तव्य येतं. १९७६ च्या फेरनिकालात हे कर्तव्य रुंद केलं: इशारा देणं, पोलिसांना कळवणं किंवा परिस्थितीनुसार वाजवी असेल ती दुसरी पावलं उचलणं, म्हणजे संरक्षण करणं. मला हा फरक आपल्या शहरासाठी फार मोलाचा वाटतो. त्या प्रकरणात पोलिसांना कळवलेलं होतं. तरी ती मेली. 'आम्ही पोलिसांना सांगितलं' एवढ्यावर जबाबदारी संपत नाही. आणि दुसरीकडे, त्याच निकालाशी असहमत असलेल्या न्यायमूर्तींची भीतीही खोटी नव्हती: गोपनीयता मोडली की उपचार सुटतो आणि धोका उलट वाढू शकतो. पोद्दारने उपचार सोडला तो पोलीस आल्यानंतरच. ही किंमत आहे हे मान्य करूनच मी म्हणते की ठरलेली जागा, वेळ आणि शस्त्र समोर असताना ती मोजावी लागते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? कलम २३ परवानगी देतं. सांगितलंच पाहिजे असं बंधन घालत नाही. पण समुपदेशकांच्या प्रशिक्षणात न येणारी दुसरी तरतूद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३ प्रत्येक नागरिकाला लागू होतं. खुनासह काही गंभीर गुन्हे घडल्याचं, किंवा ते करण्याचा दुसऱ्या कुणाचा इरादा असल्याचं, ज्याला माहीत आहे त्याने वाजवी कारण नसेल तर ताबडतोब पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला कळवलं पाहिजे. वाजवी कारण होतं हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावरच. समुपदेशकाने दिलेला गोपनीयतेचा शब्द हे असं कारण ठरेल असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे 'पूर्णपणे गोपनीय' लिहिणारा माणूस कायद्याने पाळता न येणारं वचन देतो आहे.

कोणत्या क्रमाने सांगायचं याचा चांगला नमुना आपल्याच एका कायद्यात आहे. एचआयव्ही आणि एड्सबाबतच्या २०१७ च्या कायद्याचं कलम ९ डॉक्टरला किंवा समुपदेशकाला जोडीदाराला माहिती द्यायची मुभा देतं, पण पायऱ्यांनी. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं पाहिजे. स्वतः सांग म्हणून त्या व्यक्तीचं समुपदेशन झालेलं पाहिजे. ती सांगणार नाही अशी खात्री झाली पाहिजे. आणि 'आता मी सांगणार आहे' हे तिला आधी कळवलेलं पाहिजे. हिंसेच्या धमकीला हा क्रम जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण कधी कधी आधी कळवण्यानेच घाई होते. पण आधी त्याला संधी, मग त्याला पूर्वसूचना, मग दुसऱ्याला माहिती, हीच आपली सवय असायला हवी, आणि ती सोडली तर का सोडली ते टिपणात लिहायला हवं.

आपला मुलगा निघून गेला असेल तर फोन ११२ वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. काय सांगायचं: त्याचं नाव, तिचं नाव, धमकीचे शब्द जसेच्या तसे, कोयता कुठे आहे, शुक्रवार, बसथांबा, आणि तो सध्या कुठे असू शकेल. काय सांगायचं नाही: वडिलांचं पिणं, लहानपणी झालेला मार, त्याच्या शरीराबद्दलची त्याची लाज, तिसऱ्याच कुणाशी असलेले संबंध. ठाण्यात बसल्यावर 'सगळं सविस्तर सांगा' म्हणतात, आणि घाबरलेला समुपदेशक सगळं सांगून टाकतो. कायद्याची 'तेवढीच माहिती' ही अट इथे आठवायची. मग त्याच रात्री टिपण: किती वाजता तो काय म्हणाला, मी काय विचारलं, कुणाचा सल्ला घेतला, कुणाला काय सांगितलं, कोणता पर्याय का सोडला.

आणि मुलीचं काय? तिला सांगायलाच हवं. पण कोल्हापुरात 'तिला सांगणं' म्हणजे बहुतेकदा तिच्या घरी फोन करणं, वडिलांशी किंवा भावाशी बोलणं. त्याचा परिणाम आपण सगळे जाणतो. तिचं कॉलेज बंद होतं. दोन महिन्यांत स्थळ बघितलं जातं. 'तूच काहीतरी केलं असशील' हे ऐकावं लागतं. धमकी त्याने दिली आणि शिक्षण तिचं गेलं. संरक्षणाच्या नावाखाली आपणच तिला केलेली ही इजा आहे, आणि समुपदेशनाची पुस्तकं तिच्याबद्दल बोलत नाहीत कारण ती दुसऱ्या समाजांत लिहिली गेली.

ती वीस वर्षांची आहे. ज्या गोष्टी आपण आपल्याकडे आलेल्या माणसाला देतो त्या तिलाही द्यायला हव्यात: खरी माहिती आणि निवड. आधी तिच्याशी थेट बोलायचं, शक्य तर महिला पोलीस अधिकाऱ्याच्या उपस्थितीत. धोका काय आहे, शुक्रवारचं काय कळलं आहे, पोलिसांनी काय केलं आहे, हे सांगायचं. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची तक्रार ती देऊ शकते हे सांगायचं. आणि विचारायचं: घरी कुणाला सांगायचं, कोण सांगेल, काय शब्दांत? ती म्हणेल, 'पप्पांना नको, मावशीला सांगा.' तर मावशीला. शुक्रवारच्या पेपरला तिला कोण सोडेल, परत कोण आणेल, हे ठरवायचं, म्हणजे पेपर बुडणार नाही. ती सापडतच नसेल आणि वेळ उरली नसेल तर घरी सांगावं लागेल, ते मला मान्य आहे. पण ते पहिलं पाऊल असू नये.

एका ठिकाणी मात्र निर्णय समुपदेशकाच्या हातात ठेवलेलाच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याची माहिती किंवा होण्याची भीती असलेल्या कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अकरावी-बारावीच्या वर्गात बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने एकोणीस वर्षांच्या मित्राबद्दल विश्वासाने सांगितलं, की कायद्याच्या नजरेत तो गुन्हा आहे, तिची मर्जी असली तरी. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयात संमतीचा फॉर्म पालकांनी सही केला तरी ही मर्यादा मुलीने स्वतःच्या कानांनी ऐकलेली असली पाहिजे, बोलायला लागण्याच्या आधी. काही समुपदेशक हे मुद्दाम सांगत नाहीत, 'मग ती काही बोलणारच नाही' म्हणून. अत्याचार सोसणाऱ्या मुलीपर्यंत पोचायचं तर हे लपवावं लागतं, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. ज्या मुलीच्या विश्वासाचा एकदा घात झालेला आहे तिला फसवून बोलतं करणं हा दुसरा घात आहे, आणि पोलीस आल्यावर ती पुढे कुणाशीच बोलत नाही.

पण कायद्यातही बदल हवा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या संदर्भात डॉक्टरांना मोकळीक दिली: अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. परस्परसंमतीच्या, जवळपासच्या वयाच्या संबंधांत अशीच मोकळीक समुपदेशकांनाही मिळायला हवी. प्रौढाने केलेल्या अत्याचाराला ती लागू असू नये.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असा निर्देश दिला. ज्या शहरात शाहू महाराजांनी गावोगावच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली तिथे आजही आजरा-चंदगडपासून मुलं राहायला येतात, आणि घरापासून लांब असल्यामुळे या समुपदेशकांची गरज त्यांनाच जास्त आहे. नेमणुका होतील. पण नेमलेल्या माणसाचा पगार संस्था देणार, खोली प्राचार्यांच्या केबिनशेजारी असणार, आणि 'जरा बघा हो त्या पोराचं, आणि मला सांगा' हा निरोप पहिल्याच आठवड्यात येणार.

म्हणून नेमणुकीच्या पत्राबरोबर प्रत्येक संस्थेने एक लेखी धोरण काढावं, प्राचार्यांच्या सहीचं, नोटीस बोर्डावर लावलेलं. त्यात लिहावं की विद्यार्थी समुपदेशनाला येतो की नाही हे संस्था विचारणार नाही, समुपदेशकाची टिपणं मागणार नाही, आणि त्याच्या मूल्यमापनात 'किती प्रकरणं कळवली' असा रकाना नसेल. मर्यादा कोणत्या, तेही तिथेच, मराठीत. आणि धोक्याच्या वेळी समुपदेशकाने कुणाला फोन करायचा याची नावं आधी ठरलेली असावीत: सल्ल्यासाठी एक ज्येष्ठ समुपदेशक, एक मनोविकारतज्ज्ञ, पोलीस ठाण्यातल्या एक महिला अधिकारी, वसतिगृहाचा एक जबाबदार माणूस. रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विद्यार्थ्यांच्या ओळखपत्राच्या मागे छापावा. ही नावं जूनमध्ये ठरवायची असतात. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, मुलगा दार आपटून गेल्यावर, ती शोधायला वेळ नसतो.